घरगुती चौकशीचा अहवाल कसा वाचावा : आरोप, पुरावा, निष्कर्ष आणि प्रक्रियेतल्या चुका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरगुती चौकशी म्हणजे कामगारावरच्या आरोपांची कंपनीने स्वतःच घेतलेली चौकशी. ती संपल्यावर, शिक्षा का करू नये असं विचारणाऱ्या दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीसोबत चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल हातात पडतो आणि उत्तराला बहुतेक वेळा आठवडाभराचीही मुदत नसते. माणूस आधी शेवटचं पान उघडतो, तिथे ‘सर्व आरोप सिद्ध’ दिसतं आणि तिथेच त्याचा धीर सुटतो. मी बरीच वर्षं कारखान्यांतल्या चौकशांमध्ये बचाव प्रतिनिधी म्हणून बसतो आहे. कामगार आणि नवे प्रतिनिधी मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रकरण धरून चालू. वेगवेगळ्या फायलींमध्ये पाहिलेल्या गोष्टी मी त्यात एकत्र केल्या आहेत. एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या वाइंडिंग खात्यातला कामगार रात्रपाळी करून सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी बाहेर पडत होता. गेटवर त्याची स्कूटर थांबवली आणि डिकीत तांब्याच्या तारेची पिशवी सापडली, असं कंपनीचं म्हणणं. त्याच्यावर तीन आरोप ठेवले गेले : ४.२ किलो तांब्याची चोरी, सुरक्षारक्षकाला शिवीगाळ आणि धक्काबुक्की, आणि मागच्या सहा महिन्यांत १९ दिवस विनापरवानगी गैरहजेरी. चौकशीच्या पाच बैठका झाल्या. रोजनामा ४६ पानांचा, अहवाल ११ पानांचा, आणि निष्कर्ष एकाच वाक्याचा : तिन्ही आरोप सिद्ध.

अहवाल हातात आल्यावर सुरुवात कुठून करायची?

अहवाल बाजूला ठेवून आधी आरोपपत्र वाचा. त्यानंतर आरोपपत्राला कामगाराने दिलेला खुलासा, मग चौकशीचा रोजनामा म्हणजे प्रत्येक बैठकीची सही झालेली पानं, मग दोन्ही बाजूंच्या निशाण्या म्हणजे क्रमांक देऊन दाखल केलेले कागद, आणि सगळ्यात शेवटी अहवाल. हा क्रम मी आग्रहाने सांगतो. अहवाल आधी वाचला की चौकशी अधिकाऱ्याची गोष्ट डोक्यात बसते आणि नंतर रोजनामा वाचतानाही तीच गोष्ट दिसत राहते. साक्षीदार काय बोलला हे त्याच्या जबाबातून कळलं पाहिजे. अहवालात असतो तो त्या जबाबाचा दुसऱ्याने काढलेला अर्थ.

रोजनाम्याची प्रत जवळ नसेल तर त्याच दिवशी लेखी मागा. त्या पत्राची पोच घ्या आणि प्रत मिळाल्यापासून उत्तराला मुदत द्यावी असंही त्यात लिहा. अहवालाची प्रत मिळणं हा तर हक्कच आहे. बी. करुणाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की, शिक्षेचा निर्णय घेण्याआधी अहवाल कर्मचाऱ्याला देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. हा नियम सरकारी आणि खासगी दोन्ही आस्थापनांना लागू आहे.

टिपणं कशी काढायची?

प्रत्येक आरोपासाठी एक वेगळा कागद घ्या, आडवा धरा आणि चार रकाने पाडा. पहिल्या रकान्यात आरोपपत्रातले शब्द जसेच्या तसे. दुसऱ्यात पुरावा : कोणता साक्षीदार, रोजनाम्याचं पान, सरतपासात म्हणजे त्याला आणणाऱ्या बाजूच्या प्रश्नांवर काय म्हणाला, उलटतपासात म्हणजे समोरच्या बाजूच्या प्रश्नांवर काय म्हणाला. तिसऱ्यात त्या आरोपाबद्दल अहवालात काय लिहिलंय, पानासह. चौथा रकाना तुमच्या शंकांचा.

दुसरा रकाना अहवाल न उघडता भरायचा. नंतर तिसरा भरला की दोन्हींतला फरक आपोआप समोर येतो. दुसऱ्यात काहीच नाही आणि तिसऱ्यात मात्र ‘सिद्ध’ असं लिहिलं आहे, अशी एक जागा जरी सापडली तरी तुमच्या उत्तराचा पाया मिळाला.

प्रक्रियेतल्या चुकांसाठी चौथा कागद वेगळा ठेवा. त्यावर तारीख, बैठक, काय घडलं आणि त्या वेळी हरकत नोंदवली का, एवढंच लिहा.

आरोपपत्रात नेमकं काय तपासायचं?

दोन गोष्टी. आरोप इतका स्पष्ट आहे का, की त्याला नेमकं उत्तर देता येईल? आणि तो स्थायी आदेशांतल्या, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्ती आणि गैरवर्तनाच्या नियमांतल्या, कोणत्या कलमाखाली लावला आहे? ‘तुमचं वर्तन समाधानकारक नाही’ हा आरोप नव्हे. तारीख, वेळ, जागा, वस्तू, माणूस, हे सगळं आलं पाहिजे.

आपल्या प्रकरणात पहिले दोन आरोप पुरेसे स्पष्ट होते. गैरहजेरीच्या आरोपात १९ हा आकडा होता, पण तारखा नव्हत्या. तारखा पहिल्यांदा दिसल्या त्या चौथ्या बैठकीत, हजेरीपटाच्या उताऱ्यात. म्हणजे कामगाराने खुलासा लिहिला तेव्हा कोणत्या दिवसांबद्दल बोलायचं हे त्याला माहीतच नव्हतं. ही नोंद चौथ्या रकान्यात गेली.

आता उलट दिशेने तपासा : आरोपपत्रात नसलेलं काही अहवालात घुसलंय का? इथे घुसलं होतं. अहवालाच्या नवव्या पानावर ‘सदर कामगारास यापूर्वी दोन वेळा ताकीद देण्यात आली आहे’ असं वाक्य होतं. त्या ताकिदी आरोपपत्रात नव्हत्या, निशाणीवरही नव्हत्या. मागचा सेवेचा इतिहास शिक्षेसाठी वापरायचा असेल तर तो कर्मचाऱ्याला आधी कळवून त्यावर बोलायची संधी द्यावी लागते. ते वाक्य आणि त्याचा पान क्रमांक उतरवून घ्या.

पुरावा वाचताना कोणत्या साक्षीला किती वजन द्यायचं?

इथे घाई करू नका, कारण प्रकरणाचा जीव इथेच असतो. प्रत्येक साक्षीदाराबद्दल एकच प्रश्न विचारा : हे त्याने स्वतः पाहिलं, की कुणाकडून ऐकलं, की कागदावर वाचलं?

चोरीच्या आरोपावर कंपनीने तीन साक्षीदार आणले. पहिला गेटवरचा सुरक्षारक्षक. त्याने डिकी उघडताना पाहिलं, पिशवी पाहिली. त्याची साक्ष प्रत्यक्ष आहे आणि डिकीत पिशवी होती एवढं त्यावरून नक्की ठरतं. पण उलटतपासात तो म्हणाला, ‘माझ्यासमोर वजन झालं नाही, पिशवी स्टोअरमध्ये नेली.’ दुसरा सुरक्षा अधिकारी. तो वीस मिनिटांनी पोहोचला आणि त्याचं सगळं ज्ञान ‘रक्षकाने मला सांगितलं’ असं. तिसरा मनुष्यबळ खात्यातला अधिकारी. त्याने निशाणी म-४ म्हणून वजनाची चिठ्ठी दाखल केली. चिठ्ठीवर सही होती स्टोअरकीपरची, आणि स्टोअरकीपरला कधी बोलावलंच नाही.

आता कागद नीट पाहा. पिशवी होती, याला पुरावा आहे. त्यात ४.२ किलो तार होती, याला फक्त एक चिठ्ठी आहे, आणि ती लिहिणारा साक्षीला आलेला नाही. ती तार कारखान्याच्याच स्टोअरमधली होती का? यावर रोजनाम्यात एक ओळही नाही. स्टोअरचा साठा कमी भरला, असं कुणी सांगितलेलं नाही. अहवालाच्या सहाव्या पानावर मात्र तिन्ही गोष्टी एका दमात लिहिल्या होत्या : ‘निशाणी म-४ वरून कंपनीच्या मालकीची ४.२ किलो तार चोरल्याचे सिद्ध होते.’

कागद नुसता दाखल झाला म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध झाला असं होत नाही. तो बनवणाऱ्या किंवा त्याबद्दल जाणणाऱ्या माणसाने येऊन सांगावं लागतं. रूप सिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे, आणि उत्तरात त्याचा उल्लेख जरूर करावा.

ऐकीव साक्ष चौकशीत चालतच नाही ना?

असं ठामपणे लिहू नका, तिथे आपण तोंडघशी पडतो. घरगुती चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात (रतन सिंग, १९७७) बिनतिकीट प्रवाशांना साक्षीला बोलावलं नव्हतं, तरी तपासणी पथकाच्या साक्षीवर कारवाई टिकली. आरोपाशी वाजवी संबंध असलेली आणि विश्वास ठेवण्याजोगी ऐकीव माहितीही विचारात घेता येते. शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं हे पाहिलं जातं.

म्हणून आपल्या उत्तरातलं वाक्य असं हवं : ‘वजन आणि मालकी या दोन मुद्द्यांवर प्रत्यक्ष माहिती असलेला साक्षीदार उपलब्ध असताना त्याला तपासलं नाही, आणि दुसरा कोणताही पुरावा रेकॉर्डवर नाही.’ ऐकीव म्हणून बाद, इतकंच लिहिलं तर पुढचा माणूस रतन सिंगचा निकाल काढून दाखवेल.

अहवालात ‘कामगाराने कबुली दिली’ असं लिहिलंय. आता काय?

कबुलीचा मूळ कागद काढा आणि पूर्ण वाक्य वाचा. आपल्या अहवालात लिहिलं होतं, ‘डिकीत पिशवी असल्याचे कामगाराने खुलाशात मान्य केले आहे.’ खुलाशातलं वाक्य असं होतं : ‘डिकीत पिशवी निघाली हे खरं, पण ती माझी नाही, डिकीचं कुलूप दोन महिन्यांपासून नादुरुस्त आहे आणि स्कूटर रात्रभर स्टँडवर होती.’ चौकशी अधिकाऱ्याने स्वल्पविरामापर्यंतचं घेतलं आणि पुढचं सोडलं. उत्तरात दोन्ही वाक्यं एकाखाली एक उतरवा. त्यावर वेगळं भाष्य करायची गरज पडत नाही.

कबुली पूर्ण आणि बिनशर्त असेल, तर मात्र ती नाकारण्यात वेळ घालवू नका. मग तुमचं उत्तर शिक्षेच्या प्रमाणावर असलं पाहिजे.

निष्कर्ष चुकीचा आणि निष्कर्ष विकृत, यात फरक काय?

न्यायालयात ‘विकृत निष्कर्ष’ म्हणतात तो एकतर कोणत्याही पुराव्याशिवाय काढलेला असतो, किंवा समोरच्या पुराव्यावरून कोणताही समंजस माणूस काढणार नाही असा असतो. दोन साक्षीदारांपैकी एकावर विश्वास ठेवला, एवढ्याने निष्कर्ष विकृत ठरत नाही.

तिन्ही आरोप या कसोटीवर लावून पाहू. चोरीचा निष्कर्ष वजन आणि मालकीबाबत पुराव्याशिवाय आहे. गैरहजेरीवर कामगाराने निशाणी ब-२ दाखल केली होती : फोरमनची सही असलेले रजेचे अर्ज, १९ पैकी ८ दिवसांचे. अहवालात ब-२ चं नावही नाही. बचावाचा महत्त्वाचा कागद न पाहता काढलेला निष्कर्ष टिकवणं कंपनीला जड जातं. आणि उरलेले ११ दिवस स्थायी आदेशांतल्या व्याख्येत बसतात का, ते तुमच्या आस्थापनेचे आदेश उघडून शब्दश: वाचा. ‘सलग’ हा एक शब्द असण्या-नसण्याने आरोप राहतो किंवा जातो.

शिवीगाळीचा आरोप मात्र पक्का होता. रक्षकाने शब्द सांगितले, उलटतपासात तो हलला नाही, आणि आपल्या बाजूने त्यावर कुणी बोललंच नाही. हे कामगाराला स्पष्ट सांगावं लागतं. तिन्ही निष्कर्ष खोटे आहेत असं एका सुरात लिहिलं की खऱ्या दोन मुद्द्यांचाही भरवसा जातो.

प्रक्रियेतल्या कोणत्या चुका महत्त्वाच्या?

मोजपट्टी जुनी आणि साधी आहे. सुर एनॅमल प्रकरणात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच गोष्टी सांगितल्या : आरोप स्पष्टपणे कळवलेले असावेत, साक्षीदार कामगारासमोर तपासावेत, उलटतपासाची योग्य संधी मिळावी, स्वतःची आणि आपल्या साक्षीदारांची साक्ष देण्याची संधी मिळावी, आणि अहवालात कारणांसह निष्कर्ष असावेत. रोजनाम्यातली प्रत्येक खटकणारी गोष्ट यांतल्या कोणत्या खुंटीला टांगता येते ते पाहा. कुठेच टांगता येत नसेल तर बहुधा ती किरकोळ आहे.

दुसरी चाळणी नुकसानीची. स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध एस. के. शर्मा (१९९६) या प्रकरणात साक्षीदारांच्या जबाबांच्या प्रती दिल्या नव्हत्या, पण आधी वाचून टिपणं घेऊ दिली होती. बचावाचं प्रत्यक्ष नुकसान झालं नाही म्हणून ती चूक कारवाई रद्द करायला पुरेशी ठरली नाही. तेव्हा ‘नियम मोडला’ यापुढे जाऊन ‘त्यामुळे मला हे करता आलं नाही’ हे वाक्य पूर्ण करायला शिका.

आपल्या चौथ्या कागदावर चार नोंदी होत्या. एका पानावर चौकशी अधिकाऱ्याची सही नव्हती. ती चूक किरकोळ, सोडून दिली. कामगाराचा खुलासा यायच्या आधीच चौकशी अधिकारी नेमला होता. याचा उल्लेख करावा, पण त्यावर भिस्त ठेवू नये. पहिल्याच बैठकीत, कंपनीचा एकही साक्षीदार तपासण्याआधी, कामगारालाच १४ प्रश्न विचारले होते. ही गंभीर बाब आहे. आधी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा, मग कामगाराने बोलायचं, हा क्रम उलटा झाला की चौकशी अधिकारी निःपक्ष उरत नाही.

चौथी नोंद सगळ्यांत जड. चौथ्या बैठकीला कामगार आजारी होता, डॉक्टरचा दाखला पाठवला होता. ‘गैरहजर, एकतर्फी काम चालवले’ एवढं लिहून त्या दिवशी मनुष्यबळ अधिकाऱ्याची साक्ष घेतली गेली. पाचव्या बैठकीत कामगाराने त्याला उलटतपासासाठी पुन्हा बोलावण्याचा लेखी अर्ज दिला. तो ‘विलंब करण्याचा हेतू’ असं म्हणून एका ओळीत फेटाळला.

आता पुराव्याचा कागद आणि हा कागद शेजारी ठेवा. वजनाची चिठ्ठी दाखल करणारा साक्षीदार तोच, आणि उलटतपास नाकारला तोही त्याचाच. चोरीच्या आरोपाचा सगळा भार ज्या कागदावर आहे, त्यावर एकही प्रश्न विचारता आला नाही. पुराव्यातली पोकळी आणि प्रक्रियेतली चूक अशी एकाच पानावर भेटते, तिथेच सगळ्यांत जास्त जोर लावायचा. मी कुठलीही फाईल वाचताना आधी हीच जागा शोधतो.

त्या वेळी हरकत घेतली नव्हती. आता घेता येईल?

घेता येईल, पण वजन कमी पडतं. बैठकीच्या रोजनाम्यावर ‘वाचून बरोबर’ लिहून सही केली असेल तर अधिकच. म्हणून चौकशी चालू असतानाच सहीच्या वर दोन ओळी लिहायची सवय ठेवा : ‘अमुक प्रश्न नाकारला, हरकत आहे.’ रोजनामा इंग्रजीत लिहिला जात असेल आणि कामगाराला ती भाषा येत नसेल, तर मराठी भाषांतराची मागणी पहिल्या बैठकीतच लेखी द्या.

चौकशी अधिकारी कंपनीने पैसे देऊन नेमलेला वकील आहे. हा पक्षपात नाही का?

एवढ्याने नाही. वागण्यातला पक्षपात दाखवावा लागतो, उदाहरणार्थ साक्षीदाराला त्यानेच सूचक प्रश्न विचारणं किंवा तोच घटनेचा साक्षीदार असणं. मात्र कंपनीची बाजू मांडणारा कायद्याचा जाणकार असेल आणि कामगाराने मागूनही तसा प्रतिनिधी नाकारला असेल, तर मुद्दा भक्कम आहे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या १९८३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं.

अहवालात बडतर्फीची शिफारस आहे. चालते का?

आरोप सिद्ध झाला की नाही हे सांगणं चौकशी अधिकाऱ्याचं काम. शिक्षा ठरवणं शिस्तभंग प्राधिकाऱ्याचं. शिफारस दिसली तर नोंद करा, पण त्यावर पानं खर्च करू नका. उलट प्रसंग जास्त लक्ष द्यावा असा आहे : अहवालात आरोप सिद्ध नाही आणि व्यवस्थापन तो सिद्ध मानतं. अशा वेळी मतभेदाची कारणं आधी कळवून कर्मचाऱ्याला बोलायची संधी द्यावी लागते (पंजाब नॅशनल बँक विरुद्ध कुंज बिहारी मिश्रा, १९९८).

नव्या कामगार संहितांमुळे हे बदललं का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि निलंबित कामगाराची चौकशी निलंबनापासून साधारणपणे ९० दिवसांत संपवावी असं तिच्यात आहे. म्हणून निलंबनाची तारीख चौथ्या कागदावर सगळ्यांत वर लिहा. नैसर्गिक न्यायाच्या कसोट्या न्यायालयांच्या निकालांतून आल्या आहेत, त्या तशाच आहेत.

उत्तर कसं लिहायचं?

आरोपनिहाय, पान क्रमांकासह आणि शक्य तितकं थोडक्यात. आपल्या प्रकरणात ते साडेतीन पानांचं झालं. चोरीवर दोन पानं, त्यात उलटतपासाचा मुद्दा. गैरहजेरीवर अर्धं. शिवीगाळीवर चार ओळी : रात्रभराच्या कामानंतर, चोरीचा आळ आल्याच्या क्षणी तोंडून गेलेले शब्द, आणि त्यासाठी नोकरी घेणं प्रमाणाबाहेर. उरलेल्या जागेत मागची सेवा आणि मागणी. अधिकाऱ्यांच्या हेतूंबद्दल विशेषणं लिहू नका.

चौकशी सदोष ठरली तर कामगार लगेच कामावर येतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. न्यायालय चौकशी योग्य होती का हा मुद्दा आधी घेतं. ती सदोष ठरली तरी कंपनीने परवानगी मागितली असेल तर न्यायालयासमोर नव्याने पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी तिला मिळते. म्हणजे स्टोअरकीपर तिथे येऊ शकतो. म्हणून प्रक्रियेच्या चुकांइतकंच लक्ष डिकीच्या नादुरुस्त कुलपाकडेही द्या : स्टँडवरच्या पहारेकऱ्याचं नाव, कुलूप पाहिलेल्या मेकॅनिकचं म्हणणं, त्या रात्रीचं कॅमेऱ्यातलं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी.

महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात, चौथ्या अनुसूचीच्या पहिल्याच बाबीत, नैसर्गिक न्याय पायदळी तुडवून किंवा अवाजवी घाईने केलेली बडतर्फी आणि किरकोळ गैरवर्तनासाठी दिलेली धक्कादायक शिक्षा या दोन्ही गोष्टी येतात. त्या कायद्याखालच्या तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवसांची आहे. बडतर्फीचा आदेश पोस्टाने आला तर तारखेच्या शिक्क्यासह पाकीटही फाईलला लावून ठेवा.